नाव मोकळं आहे का?

मुंबईच्या एका सॉलिसिटरांच्या पेढीत उमेदवारी करून मी वकिलीची सनद मिळवली आणि जव्हारला घरी परत आलो, तेव्हा माझ्या डोक्यात हवा होती आणि खिशात काहीच नव्हतं. पहिलं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती. जव्हारात वकिलाला काम म्हणजे बांधाची भांडणं आणि दारूच्या गुत्त्यावरची मारामारी. मला कंपनी कायदा येत होता, आणि या डोंगरात त्याचा उपयोग नांगराला घोड्याचं खोगीर घालण्याइतकाच होता. असं मी तिरसटपणे वडिलांना म्हणत असे आणि ते मुकाट्याने सुपारी कातरत असत.

त्या कायद्यानेच माझं पहिलं खरं काम आणलं. ज्यांच्यामुळे आणलं त्या बाईंचे उपकार मी या वयातही मोजू शकत नाही.

त्यांची मोखाड्याला लाकडाची वखार होती. नवरा जव्हार दरबारच्या जंगलातले कूप, म्हणजे तोडीसाठी नेमून दिलेले जंगलाचे तुकडे, लिलावात घ्यायचा. साग तोडून वखारीत आणायचा आणि तिथून गाड्यांनी कसाऱ्याच्या स्टेशनाला धाडायचा. तो माझ्या थोरल्या भावाचा मित्र, म्हणून मी या बाईंना वहिनी म्हणायचो. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो तापाने गेला. पदरी दोन मुली. वखार, बैल, गाड्या सगळं होतं, पण नवा कूप मिळाला नाही तर वखारीत आणायचं काय? मग वखार विकायची आणि मुलींना घेऊन दिराच्या दारात जायचं, एवढंच उरलं होतं. दीर तसे वाईट नव्हते. पण वहिनी मला म्हणाल्या होत्या, "त्यांच्याकडे गेले की मी जन्मभर विचारूनच पाणी प्यायचं."

दरबारच्या जंगल खात्याचे अधिकारी सज्जन होते. त्यांनी वहिनींना नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "बाई, एकट्या माणसाच्या नावाने मोठा कूप देताना आम्हांला भीती वाटते. उद्या त्या माणसाचं काही झालं तर अर्धं तुटलेलं जंगल आमच्या गळ्यात. तुमच्याच यजमानांचं बघा. कंपनी उभी करा. कंपनी आजारी पडत नाही. दिवाळीनंतरच्या लिलावाला रजिस्टर झालेल्या कंपनीचा दाखला घेऊन या, मी तुमची बोली घेईन."

हा निरोप घेऊन वहिनी आणि त्यांचे थोरले भाऊ आमच्या ओसरीवर आले. नवरात्र नुकतंच बसलं होतं. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली, पण वकिलाला उडी मारता येत नाही. मी चष्मा पुसला.

दोन सभासदांची खाजगी कंपनी कायद्याने चालते, तेव्हा वहिनी आणि भाऊ पुरेसे होते. जव्हार संस्थान, तिथे ब्रिटिशांचा कंपनी कायदा नाही. पण मोखाडा ठाणे जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात. वखार मोखाड्याला, म्हणून कंपनीची कचेरीही मोखाड्याला दाखवायची आणि नोंदणी मुंबईच्या कंपनी रजिस्ट्राराकडे करायची. इथवर सगळं लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. मग मी विचारलं, "नाव काय ठेवायचं?"

भाऊंनी हसून कमरेच्या पिशवीतून एक लोखंडी हातोडा काढला आणि माझ्या कागदांवर ठेवला. तोडलेल्या ओंडक्यावर मालकाची खूण उमटवायचा तो हातोडा. त्याच्या तोंडावर चंद्रकोर कोरलेली होती.

"नाव कशाला ठेवायचं? आहेच की. चंद्रकोर टिंबर कंपनी. आमची चंद्रकोर जंगल खात्यात नोंदलेली आहे. दुसऱ्या कुणाला ही खूण घेता येत नाही. कागद आहे माझ्याकडे."

"तो कागद हातोड्याचा आहे," मी म्हणालो. "कंपनीच्या नावाचा नाही."

"नोंद ती नोंद. सरकार एकच ना?"

या गोष्टीवर आमचं चांगलंच वाजलं. लाकडाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाची ही अगदी स्वाभाविक समजूत होती. त्यांच्या जगात नोंदणी म्हणजे हातोड्याची नोंदणी. जंगल खात्याचा कारकून नवी खूण जुन्या खुणांशी ताडून बघतो, सारखी वाटली तर परत पाठवतो, नाही तर नोंदवतो. एकदा नोंदली की ती खूण मालकाची. मग त्या खुणेचं नाव आणखी कुठे तपासायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात यायलाच तयार नव्हतं. मी आवाज चढवला. म्हणालो, "भाऊ, तुमचा ओंडका बघून जंगल खातं तुम्हांला ओळखतं. मुंबईचा रजिस्ट्रार काही ओंडके बघत नाही!"

वहिनींनी तो हातोडा उचलून भाऊंच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "दादा, वकीलसाहेब सांगतात तर बघून येऊ दे की. नाव मोकळं असलं तर आपलंच आहे. नसलं तर आधी कळलेलं बरं."

एवढं साधं बोलणं, पण त्यात माझा जीव वाचला. कारण कंपनीचं घटनापत्रक आणि नियमावली छापूनच द्यावी लागते. वर नाव छापायचं, खाली सभासदांच्या सह्या, त्यावर साक्षीदार, मग स्टॅंप. हे सगळं झाल्यावर रजिस्ट्राराने नाव नाकारलं तर पुन्हा पहिल्यापासून छापा आणि पुन्हा सह्या करा. लिलाव कुणासाठी थांबणार नव्हता.

भाऊ आणि मी मोखाड्याहून बैलगाडीने कसाऱ्याला गेलो आणि तिथून आगगाडीने मुंबईला. वाटेत भाऊ माझ्याशी फारसं बोलले नाहीत. मीही बोललो नाही. आम्हां दोघांनाही रुसण्याची सवय होती.

रजिस्ट्राराच्या कचेरीत फी भरली की नोंदलेल्या कंपन्यांची सूची बघायला मिळते. ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने असते. भाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. चंद्रकोर जिथे यायला हवी तिथे मी बोट फिरवलं. काहीच नव्हतं.

"बघा!" भाऊ इतक्या जोरात म्हणाले की पलीकडचा कारकून दचकला. "आता चला, पोटात काहीतरी घालू."

मी म्हणालो, "बसा."

मला शिकवणारे सॉलिसिटर फार खाष्ट होते. मी पेढी सोडली तेव्हा त्यांनी मान वर करूनही बघितलं नव्हतं. पण एक गोष्ट त्यांनी माझ्या हाडात भरली होती. नाव कागदावर लिहा, त्यातले सगळे भरतीचे शब्द खोडा, श्री, नवी, कंपनी, लिमिटेड, मंडळी, आणि मग जे उरेल तेच लोकांच्या लक्षात राहणारं नाव. कायदा फक्त तंतोतंत तेच नाव नाकारत नाही. लोकांची फसगत होईल इतकं जवळचं नावही नाकारतो. तेव्हा उरलेला शब्द आपल्या अक्षराखाली बघून उठायचं नाही. भरतीच्या प्रत्येक शब्दाखालीही तो लपलेला असू शकतो. त्यांच्या शिव्या खाऊन हे शिकलो, आणि त्या शिव्यांबद्दल मी आज मनापासून त्यांचा ऋणी आहे.

मी 'श्री'खाली बघितलं. काही नाही. 'जुनी'खाली बघितलं. काही नाही. 'न्यू'खाली बघितलं आणि बोट थांबलं. न्यू चंद्रकोर टिंबर अँड फायरवुड सप्लाय कंपनी लिमिटेड.

भाऊंनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पण ती 'न्यू' आहे. आणि जळाऊ लाकूडही विकते. आपण कुठे जळाऊ विकतो?"

"न्यू खोडा. फायरवुड खोडा. सप्लाय खोडा. काय उरलं?"

उरलं होतं ते त्यांच्या पिशवीतल्या हातोड्यावर होतं.

मी त्या कंपनीची फाईल मागवली. मेलेली कंपनी असती तर गोष्ट वेगळी होती. पण तिचा वार्षिक तक्ता ताजा होता, भागधारक होते, कचेरी रे रोडच्या लाकूडबाजारात होती. चांगली धडधाकट कंपनी.

बाहेर पायरीवर बसून भाऊंनी एकेक तोड सुचवायला सुरुवात केली. मी एकेक मोडत गेलो. 'रॉयल चंद्रकोर' ठेवू, ते म्हणाले. मी म्हणालो, "रॉयल शब्दाला हिंदुस्थान सरकारची लेखी परवानगी लागते. ती मिळेपर्यंत तुमची भाची नातवंडं खेळवील." 'मोखाडा चंद्रकोर' ठेवू. यावर मी जरा थांबलो. कदाचित चाललंही असतं. गावाचं नाव लावल्याने कधी फरक पुरेसा होतो, कधी होत नाही. ते रजिस्ट्राराने ठरवायचं. पण धंदा एक, मुख्य शब्द एक, आणि दोघांचा माल एकाच बाजारात. नाकारलं तर दुसऱ्यांदा छापायला वेळ नव्हता. वहिनींच्या घराची पैज मी 'कदाचित'वर लावणार नव्हतो.

शेवटी भाऊ उठले. "चला त्या शेटकडे. परवानगी मागू. आमच्याकडे दोघांचे हातोडे सारखे निघाले की दोघं जंगल कचेरीत बसतात, एक जण माघार घेतो, मिटतं."

तिथे जाऊन उपयोग नाही हे मला माहीत होतं, तरी मी गेलो. खरं सांगायचं तर मला उन्हात भांडायचा कंटाळा आला होता.

रे रोडचे शेट ओंडक्यांच्या चळतीआड बाजेवर बसले होते. वय झालेलं, अंगात बंडी. आम्ही कोण, कशासाठी आलो, हे भाऊंनी सगळं सांगितलं आणि हातोडा दाखवला. शेटनी तो हातात घेतला, उलटा केला आणि एकदम हसले.

"म्हणजे तुम्ही ते होय! अहो, दोन वर्षांपूर्वी ठाण्याचा एक गाडीवाला माझ्याकडे भाड्यासाठी भांडत होता. म्हणाला, चंद्रकोरीचा माल मी आणला, चंद्रकोर तुमचीच. मी म्हटलं, बाबा, माझ्या मालावर चंद्रकोरच नाही, फक्त पाटीवर आहे. तो ऐकेना. शेवटी चहा पाजून पाठवला."

आम्हांलाही चहा आला. मग शेट म्हणाले, "घ्या नाव. बाईमाणूस धंदा करतंय, मी कशाला आड येऊ? लिहून देतो."

भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही त्यांनी कुस्ती मारली. आणि मला त्या भल्या म्हाताऱ्यासमोर सांगावं लागलं की त्यांची परवानगी कायद्याला चालत नाही. जी कंपनी विसर्जनाच्या वाटेवर आहे तिचीच संमती चालते. चालू कंपनीने कितीही मनापासून नाव दिलं तरी रजिस्ट्रार दुसरीला ते देत नाही. कारण फसगत शेटची होत नसते, त्या गाडीवाल्यासारख्याची होत असते.

शेटनी चहाचा कप खाली ठेवला. "बरोबर आहे," म्हणाले. "गाडीवाल्याला मी काय संमती देणार?" मग भाऊंकडे वळून म्हणाले, "नाव नाही देता आलं. पण कूप मिळाला तर साग मला दाखवल्याशिवाय दुसऱ्याला देऊ नका. बाईंना सांगा." तो शब्द त्यांनी पुढे पाळला. आमची ओळख काय होती त्यांच्याशी? एक नाव जुळलं, एवढीच.

मोखाड्याला परत आलो तेव्हा वखारीच्या अंगणात जामसरचा मुकादम बसला होता. दरवर्षी तो आपल्या पाड्यातली माणसं घेऊन या वखारीसाठी तोडीला जात असे. त्याने आम्हांला विचारलं, "बाई कूप घेतंय का नाय, येवढं सांगा. भात कापून झाला का आमाला कुठं तरी जावाच लागंल. नायतर आमी वसईकडं जातू."

"चार दिवस थांब," वहिनी म्हणाल्या. तो थांबतो म्हणाला. त्यानेही आमच्यावर भरवसा ठेवला, आणि मला घाम फुटला.

ओटीवर बसून मी वहिनींना सगळं सांगितलं. चंद्रकोर नाव नाही मिळत. त्यांचा चेहरा उतरला. नवऱ्याने ती खूण स्वतः काढली होती, कोळशाने, याच भिंतीवर.

"म्हणजे हातोडाही गेला?" त्यांनी विचारलं.

"नाही!" मी जवळजवळ ओरडलोच. "तेच तर मी भाऊंना पहिल्या दिवसापासून सांगतोय. हातोडा जंगल खात्यातला, नाव रजिस्ट्राराकडचं. दोन वेगळ्या गोष्टी. कंपनीचं नाव काहीही असो, ओंडक्यावर चंद्रकोरच उमटेल. फक्त खुणेची नोंद कंपनीच्या नावावर करून घ्यायची, एवढंच."

वहिनींनी डोळे पुसले. ज्या गोष्टीसाठी मी भाऊंशी इतका भांडलो होतो, तिनेच त्यांना धीर दिला, याचं मला फार बरं वाटलं.

मग नव्या नावाचा शोध सुरू झाला. देवांची नावं मी नकोच म्हणालो, मुंबईत प्रत्येक देवाच्या नावाने कुणी ना कुणी काहीतरी काढून ठेवलेलं असतं. डोंगराचं नाव, नदीचं नाव, सगळी तीच गत. भाऊ सुचवत होते, मी मोडत होतो, आणि वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे दादा. दीरांना निरोप पाठवते. मला नाही हे जमायचं."

भाऊ भडकले. बहिणीवर ओरडताना त्यांनी तिला माहेरच्या नावाने हाक मारली. "लहानपणापासून तुझं हेच! खेळ अंगावर आला की सोडून द्यायचा!"

मी दचकलो. लग्नात नवऱ्याने तांदळात नवं नाव लिहिलं की मुलीचं आधीचं नाव संपतं. वहिनींना मी इतकी वर्षं ओळखत होतो, आणि त्यांचं माहेरचं नाव मला माहीतच नव्हतं. जुन्या वळणाचं नाव होतं, हल्ली कुणी मुलीचं ठेवणार नाही असं. देवाचं नाही, नदीचं नाही. ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी कधी लिहा म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी म्हणालो, "वहिनी, हे नाव मुंबईत कुणी घेतलेलं नसणार."

"छे!" त्या म्हणाल्या. "ते काय नाव आहे? ते आता कुणाचंच नाही."

"म्हणूनच म्हणतो."

भाऊंचा राग कुठल्या कुठे गेला होता, ते खाली बघत होते. मग वहिनींनी विचारलं, "लोक हसणार नाहीत?"

"रजिस्ट्रार हसत नाही," मी म्हणालो. "हसायची त्याला परवानगी नाही."

तेव्हा त्याच हसल्या.

मी दुसऱ्यांदा मुंबईला गेलो, या वेळी एकटा. ते नाव त्याच्या अक्षराखाली बघितलं, 'न्यू'खाली, 'श्री'खाली, भरतीच्या सगळ्या शब्दांखाली. लाकडाच्या धंद्यातल्या ज्या कंपन्या मला ठाऊक होत्या त्यांची नावं एकेक करून ताडली. त्या सबंध सूचीत ते नाव कुठेही नव्हतं. नावाच्या जवळ जाईल असंही काही नव्हतं. मी कारकुनाला विचारलं, हे आजपासून राखून ठेवता येईल का? तो म्हणाला, "राखून ठेवत नाही. आज कुणी घेतलेलं नाही इतकंच सांगतो. उद्या कुणी कागद आणला तर त्याचं. तुम्ही लवकर आणा."

त्या नावासाठी दुसरा कुणी येईल, ही शक्यता नव्हतीच. तरी मी छापखान्यात बसून राहिलो आणि छापलेले कागद हातात पडल्यावरच उठलो. मोखाड्याच्या पोस्टमास्तरांसमोर वहिनींनी आणि भाऊंनी सह्या केल्या. वहिनी सही करताना अडखळल्या. कंपनीचं नाव वर माहेरचं, खाली सही सासरची. मी सांगितलं, सही तुमची नेहमीचीच करा, कंपनी आणि तुम्ही वेगळ्या. पोस्टमास्तर साक्षीदार झाले आणि त्यांनीच ते पाकीट रजिस्टर करून धाडलं. पुढचे दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. घरच्यांनी मला एकटं सोडलं, याबद्दलही आभार मानायला हवेत.

दिवाळीच्या पणत्या अजून ओट्यांवर होत्या, तेव्हा दाखला आला.

लिलाव जव्हारला दरबारच्या कचेरीत झाला. मोठे ठेकेदार पुढे, वहिनी मागे, बायकांसाठी टाकलेल्या सतरंजीवर डोक्यावर पदर घेऊन. बोली भाऊंनी केली. आकडे वर गेले, मग एकेक जण गप्प होत गेला. भाऊंचा शेवटचा आकडा तीनदा पुकारला गेला. जंगल अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि पट्टेवाल्याने कूप घेणाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारलं. दाखल्यावर होतं तसं, पूर्ण. सबंध कचेरीत ते नाव दोनदा घुमलं.

वहिनी हलल्या नाहीत. ते नाव आपलं आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्या आजूबाजूला बघत राहिल्या, जणू दुसऱ्या कुणा बाईला बोलावलं होतं. भाऊ मागे वळले, त्यांचे डोळे भरले होते, आणि सगळ्या दरबारादेखत ते बहिणीला म्हणाले, "अगं, तुलाच बोलावतायत."

मग त्या उठल्या.